टॅबमध्ये जागा करण्यासाठी आईला पाठवलेला मेसेज

नोव्हेंबर लागला की आमच्या घरी हयातीच्या दाखल्याचा विषय निघतो. पेन्शन अखंड चालू राहायची तर ३० तारखेच्या आत आपण हयात आहोत हे कळवावं लागतं. बाबा आजवर बँकेत जाऊन फॉर्म भरून यायचे. यंदा गुडघ्यामुळे जिना उतरणंच अवघड झालं, म्हणून घरी बसून कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून दाखला द्यायचं ठरलं. ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली. त्यासाठी Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD अशी दोन ॲप लागतात. बाबांचा फोन बटणांचा, त्यामुळे सगळी भिस्त घरच्या टॅबवर. आणि टॅब म्हणतो, जागा नाही.

मी बंगळूरला, आई-बाबा कराडला, दादा पुण्यात. टॅब तसा सगळ्यांचाच. सिमकार्ड आईचं, म्हणून व्हॉट्सॲपही आईचं. गूगलचं खातं बाबांच्या नावाचं, आणि त्याच खात्यातले फोटो दादाच्या फोनवरही दिसतात. दादाचा मुलगा सुट्टीत आला की गेम टाकतो आणि शाळा सुरू झाली की निघून जातो. गेम तिथेच राहतात.

सुरुवातीला बाबांच्या फोनवरून बोलत बोलत करून बघितलं. स्पीकर सुरू, टॅब आईच्या मांडीवर.
"आता काय दिसतंय?"
"काही नाही गं, नेहमीचंच."
"नेहमीचं म्हणजे?"
"अगं, ते आपलं चौकोनी."
मागून बाबा सांगणार, "तिला म्हणावं मी सगळं पुसून बसलोय, तरी हा ऐकत नाही." हे काम लिहूनच सांगायला हवं हे तिथेच कळलं.

पण लिहिलेलं पोचणार कुठे, तर त्याच टॅबवर. मेसेज वाचायचा तर व्हॉट्सॲप उघडं हवं आणि सांगितलेलं करायचं तर ते सोडून दुसरीकडे जायला हवं. परत येईपर्यंत पुढची पायरी विसरलेली असते. यावर तोड आईनेच काढली. म्हणाली, "तू पाठव, मी वहीत उतरवून घेते आणि वही समोर ठेवून करते." मेसेज कसा लिहायचा हे या एका वाक्याने ठरवलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हाताने उतरवून घ्यायचं आहे, तर एका वेळी पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नकोत. एका ओळीत एकच काम हवं. आणि स्क्रीनवरचे शब्द जसे दिसतात तसे इंग्रजी अक्षरांतच हवेत, कारण ती वहीतलं अक्षर आणि स्क्रीनवरचं अक्षर जुळवून बघणार होती.

पहिल्या मेसेजमध्ये पुसण्याबद्दल एक शब्दही नव्हता.

"आई, आज काहीही पुसायचं नाही. नुसतं बघायचं.
१. दातेरी चाकाचं चित्र आहे ते Settings उघड.
२. खाली सरकत जा. Storage दिसलं की त्यावर बोट टेकव.
३. वर मोठा आकडा येईल, खाली यादी. यादीतले आकडे भरायला वेळ लागतो, थांब.
४. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण बाबांना एकदम दाबायला सांग. स्क्रीनचा फोटो निघेल. तो मला पाठव."

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची होती. माझ्या फोनवर पायऱ्या जशा दिसतात तशा त्या टॅबवर दिसतील याची खात्री नसते. कंपनी बदलली की Storage कुठे Battery च्या जोडीला असतं, कुठे About tablet च्या आत. तिचा स्क्रीन माझ्यासमोर आल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

फोटो आला. त्यात बाबांचा अंगठाही आला असता, पण स्क्रीनचा फोटो असल्यामुळे वाचला. टॅब ६४ जीबीचा. त्यात System १५, Apps १४.२, Videos १८.६, Images ७.४, Audio १.६, कागदपत्रं वगैरे २.५, आणि Trash ४.३. बेरीज ६३.६. म्हणजे मोकळी जागा साधारण ४०० एमबी. अँड्रॉइड मोकळी जागा ५०० एमबीच्या आसपास आली की कुरकुर सुरू करतं, कारण काम चालू असताना तात्पुरत्या फायली ठेवायला त्याला स्वतःलाही थोडी जागा लागते. नवं ॲप घ्यायचं तर ॲपच्या आकारापेक्षा बरीच जास्त जागा हवी असते, कारण आधी ते उतरतं आणि मग उलगडतं.

या यादीतलं System सोडून द्यायचं, त्याला कोणी हात लावू शकत नाही. माझी नजर गेली Trash वर. बाबा सगळं पुसून बसले होते ते इथे होतं.

झालं होतं असं. जागा नाही म्हटल्यावर बाबांनी एक अख्खी दुपार पुसापुशीत घालवली. आधी त्यांनी बँकेचे आणि मोबाइल कंपनीचे एसएमएस एकेक करून काढले. एसएमएस म्हणजे नुसती अक्षरं. हजारो एसएमएस काढले तरी एका चांगल्या फोटोएवढी जागा सुटेल न सुटेल. त्यावर काही फरक पडेना म्हणून त्यांनी फोटोंकडे मोर्चा वळवला आणि Photos मधून मोठमोठे व्हिडिओ आणि फोटो काढले. पण तिथून पुसलेलं लगेच जात नाही. ते आधी Trash मध्ये पडतं आणि तिथे मुक्काम करतं. खात्यावर प्रत चढलेली असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस. तोवर जागा जशीच्या तशी अडलेली. बाबांचा राग अगदीच चुकीचा नव्हता: पुसलंय तर खरं, आणि आकडा हलत नाही.

मग Trash रिकामं कर एवढंच सांगायचं होतं? नाही. Settings मधल्या Trash वर बोट टेकवलं तर आत किती फायली आहेत आणि कायमच्या काढू का, एवढंच विचारतात. आत काय आहे ते दाखवत नाहीत. रागाच्या भरात बाबांनी काय काय काढलंय ते आधी बघायला हवं होतं. शिवाय दुसरी भानगड अशी की Photos मधून काढलेला फोटो खात्यावरूनही निघतो, म्हणजे दादाच्या फोनवर दिसणाराही जातो. कपाटातला अल्बम काढला आणि दुसऱ्या गावच्या कपाटातलाही गायब झाला, असा तो प्रकार. हे आईला समजावून सांगण्यात वेळ घालवला नाही. नुसतं लिहिलं:

"१. रंगीत पंख्याचं चित्र आहे ते Photos उघड.
२. खाली Collections वर बोट टेकव.
३. कचऱ्याच्या डब्याचं चित्र शोध. कुठे Trash लिहिलेलं असतं, कुठे Bin. तेच उघड.
४. बाबांनी काढलेलं सगळं इथे दिसेल. हवा असलेला फोटो दिसला तर त्यावर बोट दाबून धर. खूण आली की खाली Restore.
५. Delete लिहिलेल्या कशालाही अजून हात लावायचा नाही."

संध्याकाळी आईचा आवाजी मेसेज आला. भाच्याच्या मुंजीतले फोटो निघाले, भिक्षावळीचे, मातृभोजनाचे. ते खात्यावर चढलेच नव्हते. कारण बाबांच्या गूगल खात्याची फुकट मिळणारी १५ जीबी जागाही भरली होती आणि नव्या फोटोंची प्रत वर जाणं केव्हाचंच थांबलं होतं. मुंजीचे ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. आईने ते Restore केले आणि बाबांना काय म्हणाली ते मेसेजमध्ये नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ज्यांच्या घरी असा टॅब आहे त्यांचा हमखास इथेच घोळ होतो. जागा संपल्याच्या सूचना दोन प्रकारच्या येतात. एक टॅबची जागा संपल्याची, दुसरी गूगल खात्याची. दिसायला सारख्याच, दोन्हींत storage हा शब्द. खात्याची जागा भरली तर टॅबमधलं काही पुसून ती सुटत नाही, आणि खात्यासाठी पैसे भरून जागा वाढवली तरी टॅब मोकळा होत नाही. Photos मध्ये Free up space नावाची सोय आहे, ती खात्यावर प्रत पोचलेले फोटो फक्त टॅबवरून काढते. एरवी ती चांगली. पण आमच्याकडे प्रत चढणंच थांबलेलं, त्यामुळे तिच्या हाताला जुने थोडेसेच लागले असते. म्हणून ती वाट मी सांगितलीच नाही. आईला एवढंच कळवलं की टॅबच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंना या खेपेला अजिबात हात लावायचा नाही.

मुंजीचे फोटो जागेवर आल्यावर मग पुढचा मेसेज. तो लहान होता: Settings, Storage, Trash, आणि जी चौकट येईल तिच्यात रिकामं करायचं बटण. मोकळी जागा चार जीबीच्या वर गेली. दोन्ही ॲप उतरली.

त्यातही एक गंमत. AadhaarFaceRD उतरल्यावर त्याचं चित्र कुठेच दिसत नाही. ते ॲप मागे राहून काम करतं, दुसऱ्या ॲपने हाक मारली की समोर येतं. बाबांना वाटलं परत जागा कमी पडली, आलंच नाही. Settings मध्ये Apps च्या यादीत नाव दिसतंय का बघ, असं आईला लिहिलं. होतं तिथे. मग Jeevan Pramaan उघडून आधी ऑपरेटर, म्हणजे ॲप चालवणारा, म्हणून बाबांनीच स्वतःची ओळख पटवली, मग पेन्शनर म्हणून परत चेहरा दाखवला. पहिल्या वेळी खिडकी पाठीमागे होती म्हणून चेहरा काळा आला. खुर्ची फिरवली आणि झालं. दाखल्याचा एसएमएस आला, आणि बाबांनी तो पुसला नाही.

इथे थांबता आलं असतं. पण चार जीबी टिकणार नव्हते. ते रोज थोडे थोडे कमी होत होते, आणि का ते आकड्यांत दिसतच होतं. Videos १८.६. आई-बाबा काही शूटिंग करत हिंडत नाहीत. एवढे व्हिडिओ व्हॉट्सॲपशिवाय कुठून येणार?

व्हॉट्सॲपच्या आत किती जागा गेली हे बघायची सोय आहे, पण तिथे पोचायच्या वाटेवर टॅबमध्ये एक खड्डा आहे, फोनमध्ये नसलेला. टॅबचा स्क्रीन मोठा म्हणून व्हॉट्सॲप त्याचे दोन भाग करतं. डावीकडे सगळ्या लोकांची यादी, उजवीकडे जे संभाषण उघडं आहे ते. तीन टिंबं दोन्ही भागांत असतात. डावीकडच्या टिंबांत Settings आहे. उजवीकडच्या टिंबांत, More च्या आत, Clear chat आहे. "वरच्या उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाब" असं कोणी फोनवरून सांगितलं, तर टॅब घेतलेला माणूस सरळ दुसऱ्या टिंबांवर जातो. हे मला आईने पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत दिसलं. त्यात उजवीकडे मावशीचं संभाषण उघडं होतं.

"१. व्हॉट्सॲप उघड. स्क्रीनचा डावा अर्धा भाग आपला. उजव्या भागाकडे बघायचंच नाही.
२. डाव्या भागात वर WhatsApp लिहिलंय. त्याच ओळीत तीन टिंबं आहेत. ती दाब.
३. Settings.
४. Storage and data.
५. Manage storage. इथे थांब आणि स्क्रीनचा फोटो पाठव.
Clear हा शब्द कुठेही दिसला तर मागे फिर."

आलेल्या फोटोत व्हॉट्सॲपच्या नावावर २१ जीबी होते. त्याखाली दोन चौकोन: एक Forwarded many times, दुसरा Larger than 5 MB. आणि त्याच्या खाली कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली त्याची यादी, मोठा आधी. सोसायटीचा ग्रुप पहिला, भिशीचा दुसरा, बाबांच्या ऑफिसातल्या निवृत्तांचा तिसरा. मी Larger than 5 MB निवडला. त्यात १३ जीबी होते, म्हणजे निम्म्याहून जास्त भार तिथेच. लहान लहान सुप्रभातींच्या चित्रांवर दिवस घालवण्यात अर्थ नव्हता. मोठा व्हिडिओ एक गेला तर शंभरेक चित्रांची जागा सुटते.

आता इथे गोष्ट उलटी होते. Photos मधून पुसलं तर ते Trash मध्ये थांबतं, परत आणता येतं, पण जागा सुटत नाही. व्हॉट्सॲपच्या या पानावरून पुसलं तर जागा तत्क्षणी सुटते आणि परत काही आणता येत नाही. तिथे Trash नाही. समोरच्याकडे अजून तो व्हिडिओ असेल आणि त्याने परत पाठवला तर मिळेल, एवढीच वाट. म्हणून या मेसेजला मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

"आई, इथून गेलेलं परत येत नाही. म्हणून हळू.
१. Larger than 5 MB वर बोट टेकव. लहान लहान चौकोन दिसतील. कोपऱ्यात आकार लिहिलेला असतो.
२. चौकोनावर नुसतं बोट टेकवलं की व्हिडिओ सुरू होतो. आधी बघ, मग मागे ये.
३. नको असेल तर त्यावर बोट दाबून धर. बरोबरची खूण येईल. मग पुढच्यांवर नुसतं टेकव.
४. एकही ओळखीचा चेहरा दिसला तर तो चौकोन सोडून दे.
५. दहा-पंधरा झाले की वर कचऱ्याच्या डब्यावर बोट. विचारेल, हो म्हण.
६. सगळे एकदम निवडायची खूण वर दिसेल. ती आपली नाही."

चौथी ओळ ही सगळ्या मेसेजमधली मला सर्वांत पटलेली ओळ. महत्त्वाचं ठेव, बाकी काढ, असं म्हटलं असतं तर आई प्रत्येक व्हिडिओपाशी अडली असती. तिच्या लेखी बहिणीने पाठवलेली अळूवडीची कृतीही महत्त्वाची आणि तुळशीच्या लग्नाची मंगलाष्टकंही. ओळखीचा चेहरा हा निकष तिला क्षणात लावता येत होता. त्यात थोडं जास्तीचं राहून गेलं, ते चाललं.

तिने केलं आणि करता करता तिचे प्रश्न येत राहिले. पहिला प्रश्न असा की मी पुसलं तर ज्याने पाठवलं त्याच्याकडचंही जाईल का. मावशी काय म्हणेल, तिने हौसेने पाठवलेलं! या पानावरून पुसलेलं फक्त आपल्या टॅबवरून जातं. हे कळवल्यावर तिचा हात एकदम सैल झाला. मला वाटतं, इतके दिवस ती काही पुसत नव्हती त्याचं निम्मं कारण हेच असावं.

दुसरा प्रश्न, "हा गणपतीवाला मी मघाशी काढला, परत कसा आला?" तो परत आला नव्हता. एकच व्हिडिओ तीन ग्रुपवर आला की तीनदा दिसू शकतो, आणि त्याच्या सगळ्या प्रती काढल्याशिवाय जागा सुटत नाही. काढताना कधी कधी चौकट विचारते की फक्त ही की सगळ्या प्रती. अशा वेळी सगळ्या प्रती म्हण, असं तिला लिहिलं.

तिसरा प्रश्न बाबांचा होता. त्यांना टॅबवर एक जाहिरात दिसली होती की तुमच्या टॅबमध्ये कचरा साठलाय, हे ॲप घ्या, एका बोटात साफ. जागा नाही म्हणून रडणाऱ्या टॅबमध्ये आणखी एक ॲप! असली ॲप बहुतेक वेळा जे करतात ते Settings मधून करता येतंच, आणि वर स्वतःच्या जाहिराती दाखवत बसतात. घेऊ नका, एवढं एका ओळीत लिहिलं.

काही पायऱ्या मी मुद्दाम दिल्या नाहीत, आणि त्याबद्दल दादाशी थोडा वादही झाला. त्याचं म्हणणं, ॲपची कॅश, म्हणजे त्याने तात्पुरतं साठवून ठेवलेलं सामान, काढायला सांग, सोपं आहे, धोका नाही. कॅश काढण्यात धोका नाही हे खरं. YouTube किंवा ब्राउझरची कॅश काढली तर काही बिघडत नाही, ती पुन्हा भरते. पण ते बटण ज्या पानावर असतं तिथे दोन बटणं शेजारी शेजारी असतात, Clear cache आणि Clear storage. पहिलं दाबलं तर थोडी जागा सुटते. दुसरं दाबलं तर ते ॲप जणू आत्ताच घेतलंय अशा अवस्थेत जातं, आणि व्हॉट्सॲपच्या बाबतीत तसं झालं तर नंबर टाकून पुन्हा सुरुवात, आणि बॅकअप नसेल तर जुनी संभाषणं गेली. खात्याची जागा भरल्यामुळे आमच्याकडे गूगलवरचा बॅकअपही कधीचाच अडलेला होता. थरथरणारं बोट आणि बोटभर अंतरावरची दोन बटणं. मला ते नको होतं. दादाने मग पुढच्या खेपेला आल्यावर स्वतः करतो म्हणून सोडून दिलं.

गेमचंही तसंच. भाच्याला फोन केला तर तो कळवळून म्हणाला, "आत्या, ते नको काढूस, लेव्हल जाईल!" काही गेम लेव्हल खात्यावर ठेवतात, काही फक्त टॅबवर. कोणते कुठले हे त्यालाच माहीत. ते काम त्याच्यावर सोपवलं.

आईने ते मोठे व्हिडिओ एका बैठकीत काढले नाहीत. दुपारी बाबा झोपले की थोडे, रात्री मालिका संपली की थोडे. तेरा जीबीपैकी नऊच्या वर निघाले. मध्ये तिने कळवलं की काम आवडायला लागलंय, पण चष्म्याचा नंबर तपासावा लागेल.

राहिला शेवटचा मेसेज, आणि खरं तर हाच आधी द्यायला हवा असं कोणाला वाटेल. गळका नळ आधी बंद करावा हे बरोबर. पण आईसाठी तो आधी दिला असता तर टॅब बिघडला असंच तिला वाटलं असतं, कारण या बदलानंतर व्हिडिओ आपोआप दिसत नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये वायफायवर सगळ्याला परवानगी होती. कोणत्याही ग्रुपवर काहीही येवो, कोणी बघो न बघो, ते टॅबवर उतरत होतं.

"१. डाव्या भागातली तीन टिंबं, Settings, Storage and data. हे तुला आता पाठ आहे.
२. खाली Media auto-download लिहिलंय. त्यात When connected on Wi-Fi वर बोट टेकव.
३. Photos ची खूण राहू दे. Audio, Videos, Documents यांच्या खुणा काढ.
४. OK.
आता व्हिडिओ धूसर दिसेल आणि त्यावर खाली जाणारा बाण असेल. शेजारी आकडा. बघायचा असेल तरच बाणावर बोट टेकवायचं."

दुसऱ्या दिवशी अपेक्षेप्रमाणे फोन आला, बाबांच्या बटणांच्या फोनवरून. सगळे व्हिडिओ धुक्यात गेलेत म्हणे. वहीतलं शेवटचं वाक्य वाच, असं सांगितलं. वाचलं. "हो, लिहिलंय खरं."

त्या आकड्याचा मात्र तिने भलताच उपयोग सुरू केला. भिशीच्या ग्रुपवर कोणी मोठा व्हिडिओ टाकला की ती आता बाण न दाबता लिहिते, "४८ एमबी आहे, काय आहे ते आधी सांगा." त्यावर दोघीतिघींनी हे कसं कळतं म्हणून विचारलं. तिने वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आहे. त्यात बाजूला किराण्याची यादीही आहे, साबुदाणा दीड किलो.